दरमहा कापले जाणारे पैसे शोधायला ॲपला बँक खातं दाखवावं का?

खात्यातून दर महिन्याला शंभर-दीडशे रुपये जातात आणि ते कशाचे हे पटकन सांगता येत नाही, अशी तक्रार आता बऱ्याच घरांत ऐकू येते. गाण्यांचं ॲप, सिनेमांचं ॲप, फोटो साठवायची जागा, मुलांचा ऑनलाइन क्लास, मोबाइलचा अँटिव्हायरस, प्रत्येकाची रक्कम लहान आणि तारीख वेगळी. मग कुणीतरी सुचवतं, की एक ॲप आहे, त्याला खातं जोडलं की सगळी सबस्क्रिप्शन्स एका पानावर दिसतात. हा लेख ते ॲप टाकायच्या आधी वाचण्यासाठी आहे. ॲप नेमकं काय मागतं, त्यातलं काय देण्यासारखं आहे, आणि काहीच न देता तीच यादी घरबसल्या कशी मिळते, हे क्रमाने पाहू.

माझं मत आधीच सांगते. भारतात आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना मोजक्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर एक अधिकृत यादी आधीच ठेवलेली असते. ती यादी पाहायला फुकट आहे, आणि तिथल्या तिथे वसुली रद्दही करता येते. ट्रॅकर ॲप स्टेटमेंट वाचून मागे काय कापलं गेलं त्यावरून अंदाज बांधतं आणि रद्द करायची वेळ आली की तुम्हाला त्याच अधिकृत यादीकडे पाठवतं. एवढ्या कामासाठी वर्षभराचं अख्खं स्टेटमेंट देणं मला महाग वाटतं. तरीही काहींना ॲप सोयीचं वाटेल. त्यांच्यासाठी कमीत कमी काय द्यायचं, तेही पुढे येईल.

आधी पाहा, ॲप कुठल्या दाराने आत येऊ पाहतंय

ॲपच्या जाहिरातीत 'बँकेइतकं सुरक्षित' लिहिलंय का, हा प्रश्न बाजूला ठेवा. ते माहिती कुठून घेणार, हे विचारा. चार प्रकार दिसतात आणि चारही धोक्याच्या दृष्टीने अगदी वेगळे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड मागणं. इथे विचार करण्यासारखं काही नाही, ते ॲप लगेच बंद करा. पासवर्ड दिला की समोरचा फक्त वाचू शकतो असं राहत नाही, तुम्हाला करता येतं ते जवळजवळ सगळं त्याला करता येतं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी स्पष्ट मांडली आहे. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, आणि तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पण तुम्ही स्वतः पासवर्ड किंवा पिन दुसऱ्याला दिला असेल, तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमच्या माथी येतं. म्हणजे पासवर्ड देताना पैशांबरोबर नियमाने मिळणारं संरक्षणही तुम्ही हातातून घालवता. ही बाजू कुठलंही ॲप सांगत नाही.

दुसरा प्रकार एसएमएसचा, अँड्रॉइड फोनवरचा. 'तुमचे बँकेचे मेसेज वाचून खर्च दाखवतो' असं म्हणून परवानगी मागितली जाते. अडचण अशी, की अँड्रॉइडची ही परवानगी 'फक्त बँकेचे मेसेज' अशी देता येत नाही. दिली तर सगळे मेसेज उघडे होतात, त्यात येणारे ओटीपीही. ॲपची कंपनी प्रामाणिक असेलही, पण उद्या ॲप दुसऱ्याला विकलं गेलं किंवा त्याच्या अपडेटमध्ये काही घुसलं, तर परवानगी तशीच चालू राहते. आधी दिली असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'Permission manager' उघडा, त्यात 'SMS' वर जा आणि कुणाकुणाला मुभा आहे ते पाहा. मेसेज पाठवण्या-वाचण्याचं मूळ ॲप सोडून तिथे दिसणाऱ्या प्रत्येक नावाबद्दल स्वतःला विचारा, याला माझे ओटीपी दिसायची गरज आहे का? आयफोनवर कुठल्याच ॲपला मेसेजची पेटी अशी वाचता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही.

तिसरा प्रकार ईमेलचा. बिलं आणि पावत्या मेलवर येतात, म्हणून ॲप मेलबॉक्स वाचायची परवानगी मागतं. लोकांना ही मागणी बँकेपेक्षा सौम्य वाटते, मला ती जास्त काळजीची वाटते. पासवर्ड बदलायच्या लिंक त्याच पेटीत येतात, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि प्राप्तिकराची कागदपत्रंही. अमेरिकेत अनरोल-मी नावाची सेवा नको असलेली मेल बंद करून द्यायची. ती आपल्या मूळ कंपनीला लोकांच्या खरेदीच्या पावत्यांमधली माहिती देत होती, आणि ती कंपनी त्यावर बाजाराचे अहवाल बनवून विकत होती. 'तुमच्या खासगी मेलला हात लावणार नाही' असं सांगून ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल तिथल्या संघीय व्यापार आयोगाने 2019 मध्ये तिच्यावर कारवाई केली. जीमेलला आज कुणाकुणाचा हात पोचतो ते myaccount.google.com/connections या पानावर दिसतं आणि तिथूनच काढता येतं.

चौथा प्रकार म्हणजे अकाउंट ॲग्रीगेटर. भारतात बँक खात्याची माहिती दुसऱ्याला देण्याची ही कायदेशीर आणि नीट आखलेली पद्धत आहे. ॲप वापरायचंच असेल तर याच दाराने, म्हणून इथे जरा थांबू.

अकाउंट ॲग्रीगेटरची संमती कशी वाचायची

रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये याचे नियम केले आणि सप्टेंबर 2021 मध्ये मोठ्या बँकांसह ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. फिनव्यू, वनमनी, कॅम्सफिनसर्व्ह, अनुमती ही त्यातली काही परवानाधारक नावं. ॲग्रीगेटर मधला निरोप्या असतो. तुमची बँक माहिती कुलूपबंद करून पाठवते, ॲग्रीगेटर ती पुढे पोचवतो, पण स्वतः उघडून वाचू शकत नाही आणि साठवूनही ठेवू शकत नाही. या वाटेने पैसे हलवता येत नाहीत, फक्त माहिती जाते. पासवर्ड कुठेच द्यावा लागत नाही, मोबाइल नंबरवर येणाऱ्या ओटीपीने काम होतं. इथपर्यंत सगळं चांगलं आहे.

जोखीम सुरू होते ती माहिती पलीकडे पोचल्यावर. घेणारी कंपनी रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक किंवा पेन्शन नियामक यांपैकी कुणाच्या तरी देखरेखीखाली असावी लागते. म्हणून अनेक खर्च-ॲप्सच्या मागे प्रत्यक्षात कर्ज देणारी किंवा गुंतवणुकीचा सल्ला देणारी नोंदणीकृत कंपनी असते. संमतीच्या पानावर ॲपच्या नावाशेजारी वेगळंच नाव दिसलं तर दचकू नका, पण ते नाव लिहून घ्या. तुमचं स्टेटमेंट तिच्याकडे जाणार आहे. ती कर्ज देणारी असेल तर तिचं पोट कशावर चालतं हे उघड आहे. तुमचा पगार किती तारखेला येतो आणि महिनाअखेरीला किती उरतो, हे तिला सबस्क्रिप्शनपेक्षा जास्त कामाचं.

आता ते पानच वाचू. समजा एक ॲप तुम्हाला पुढची संमती दाखवतंय: कारण 'Customer spending patterns, budget or other reportings', माहिती कुठली तर खातेदाराचा तपशील, शिल्लक आणि सगळे व्यवहार, काळ मागची 2 वर्षं, किती वेळा तर दिवसातून एकदा, संमतीची मुदत 2 वर्षं, आणि आणलेली माहिती ठेवण्याचा काळ 2 वर्षं.

कारण ठीक आहे, खर्चाचा आढावा हेच काम आहे. तिथे कर्जाचा किंवा खात्यावर सतत लक्ष ठेवण्याचा उल्लेख असता तर तिथेच थांबायला हवं होतं. मागच्या काळाबद्दल विचार करा. वर्षातून एकदा कापली जाणारी वसुली सापडायला 13 महिने पुरतात, मग 2 वर्षं कशाला? दिवसातून एकदा हे त्याहून खटकतं. सबस्क्रिप्शन महिन्याला किंवा वर्षाला कापतात, त्यासाठी महिन्यातून एकदा पाहिलं तरी भागतं. रोज पाहणाऱ्याला सबस्क्रिप्शनपेक्षा तुमच्या खात्यातली रोजची चढउतार हवी असते. मुदतीलाही तोच न्याय. वापरून पाहायला तीन महिने पुरतात, आणि पुन्हा संमती द्यायची वेळ आली तर ती देता येते.

या अटी सहसा तुम्हाला बदलता येत नाहीत, एक तर मान्य करायच्या नाहीतर नाकारायच्या. पण कुठली खाती द्यायची हे मात्र तुमच्या हातात असतं. एका नंबरवर चार बँकांची खाती सापडली तरी चारही निवडायची सक्ती नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचा मोठा उपयोग आहे.

व्यवहार दिले म्हणजे काय दिलं, हेही एकदा स्वतःचं स्टेटमेंट उघडून बघा. यूपीआयच्या प्रत्येक ओळीत समोरच्याचं नाव किंवा यूपीआय आयडी असतो, कधी आपण लिहिलेली टीपही. औषधाचं दुकान, दवाखाना, वर्गणी, भावाला पाठवलेले पैसे, घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार. ज्यांना तुम्ही पैसे दिलेत त्यांना कुणीही विचारलेलं नसतं.

आणि एवढं देऊनही यादी अपुरीच राहते. क्रेडिट कार्डावरून कापलेली पाच सबस्क्रिप्शन्स बँक खात्यात 'कार्डाचं बिल' अशी एकच ओळ होऊन येतात. प्ले स्टोअरमधून गेलेल्या पैशांपुढे गुगलचं नाव असतं, आतलं ॲप कुठलं ते स्टेटमेंटमध्ये नसतं. म्हणजे जिथे गोंधळ सगळ्यात जास्त होतो, तिथेच ट्रॅकर आंधळा असतो.

स्वतः यादी करायची ती अशी

एक सुट्टीची दुपार, एक वही आणि फोन एवढं पुरतं. वहीत पाच रकाने आखा: कुणाला, किती, किती दिवसांनी, कुठल्या वाटेने, पुढची तारीख. आता एकेक वाट घ्या.

यूपीआय ऑटोपे. सुरुवात इथून करा, कारण नवी सबस्क्रिप्शन्स बहुतेक इथूनच चालतात. यूपीआय ॲपमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारली की 'Autopay' किंवा 'Mandates' असा भाग दिसतो. मँडेट म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही आधीच दिलेली परवानगी. तुम्ही दोन-तीन यूपीआय ॲप वापरत असाल तर प्रत्येक उघडा. कुठल्याही ॲपमधून दिलेले सगळे मँडेट एकत्र दिसावेत असं राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं आहे आणि upihelp.npci.org.in या त्यांच्या पानावरही ते पाहायची सोय केली आहे. तरी जुन्या ॲपमध्ये एकदा डोकावणं बरं.

प्रत्येक मँडेट उघडून तीन गोष्टी वाचा. पहिली, रक्कम. ती ठराविक आहे की 'पर्यंत' आहे? मोफत चाचणीच्या वेळी 1 किंवा 2 रुपये कापतात आणि आपण पिन टाकतो, पण त्या मँडेटवर कमाल रक्कम 999 किंवा त्याहून मोठी लिहिलेली असू शकते. पिन त्या मोठ्या आकड्याला दिलेला असतो. दुसरी, किती दिवसांनी. 'Monthly' असेल तर समजतं, पण 'As presented' असेल तर मर्यादेत राहून कंपनी केव्हाही मागणी पाठवू शकते. तिसरी, शेवटची तारीख. ती दहा-वीस वर्षांनंतरची असेल तर आपण काय कबूल केलंय ते नीट कळतं. नको असलेलं मँडेट तिथेच यूपीआय पिन टाकून रद्द होतं. काही ॲपमध्ये ते थोड्या काळासाठी थांबवताही येतं.

कार्डावरचे ई-मँडेट. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. नोंदणीच्या वेळी ओटीपी लागतो, आणि प्रत्येक वसुलीच्या किमान 24 तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं. 15,000 रुपयांपर्यंतची पुढची वसुली ओटीपीशिवाय होते. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांसाठी ही मर्यादा 1 लाख आहे. बँकेच्या नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात 'e-mandate' किंवा 'Standing instructions' शोधा. अनेक बँका तिथून वेगळ्या पानावर नेतात. ते पान बँकेच्या साइटवरूनच उघडा, गुगलवर शोधून नको, कारण अशा नावांची खोटी पानं सहज बनतात.

परदेशी वेबसाइटला कार्ड दिलं असेल तर ती वसुली या यादीत नसू शकते, आणि काही वेळा ओटीपी न विचारताही पैसे जातात. त्यावर सोपा उपाय आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा 'International' वापर बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा.

नॅच, म्हणजे बँक खात्यातून थेट हप्ते कापायची व्यवस्था. कर्जाचे हप्ते, एसआयपी आणि विम्याचे हप्ते बहुतेक या वाटेने जातात. स्टेटमेंटमध्ये ओळीच्या सुरुवातीला 'ACH' किंवा 'NACH' दिसतं. नेटबँकिंगमध्ये मँडेटची यादी मिळते, नाही मिळाली तर शाखेत मागा. इथे रद्द करायची घाई करू नका. हप्ता परत गेला तर बँक दंड लावते, त्यावर जीएसटी येतो, आणि कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा. विम्याचा हप्ता चुकला तर पॉलिसीच बंद पडू शकते. इथल्या नोंदी वहीत उतरवून ठेवायच्या, एवढंच.

ॲप स्टोअर. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर जा, 'Payments & subscriptions' आणि मग 'Subscriptions'. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर, मग 'Subscriptions'. घरात मुलांचे फोन वेगळ्या खात्यावर असतील तर तेही पाहा. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. यादीतून रद्द करेपर्यंत पैसे जात राहतात.

एक वाट बँकेत कधीच दिसत नाही, ती म्हणजे मोबाइलचा बॅलन्स. कॉलर ट्यून, क्रिकेटचे स्कोअर, भविष्य असल्या सेवांचे पैसे तिथून कापले जातात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर ते हमखास सापडतात. अशा सेवा बंद करायला 155223 हा टोल-फ्री नंबर आहे.

आता स्टेटमेंट, पण आपल्याच संगणकावर

याद्या झाल्या की त्या स्टेटमेंटशी ताडून पाहायच्या. नेटबँकिंगमधून मागच्या 13 महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा, पीडीएफ टाळा. क्रेडिट कार्डाची पीडीएफ पासवर्डची असते, आणि लोक 'पासवर्ड काढून देणाऱ्या' फुकट वेबसाइटवर ती चढवतात. ज्या भीतीने ट्रॅकर नको म्हटलं, तीच गोष्ट तिथे बिनानावाच्या माणसाला दिली जाते. पासवर्ड टाकून आपल्याच संगणकावर उघडा आणि छापा किंवा हाताने उतरवा.

एक्सेलच्या तपशिलाच्या रकान्यावर फिल्टर लावा आणि 'contains' मध्ये एकेक शब्द टाकून पाहा:

```
MANDATE
AUTOPAY
ACH
SI
GOOGLE
APPLE
```

'SI' टाकलं की इतर शब्दांतलेही 'SI' येतील, ते सोडून द्या. शब्द प्रत्येक बँकेचे थोडे वेगळे असतात, म्हणून एक माहीत असलेली वसुली आधी शोधा, आपली बँक ती कशी लिहिते ते पाहा आणि तोच शब्द वापरा. शेवटी रकमेच्या रकान्यावर क्रम लावा. 119, 199, 299, 499 असे आकडे दर महिन्याच्या जवळपास त्याच तारखेला येत असतील तर ते ओळखायला शब्दही लागत नाही.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका उदाहरणात बघू. समजा नाशिकच्या एका शिक्षिकेचं घर आहे. पगाराचं एक खातं, एक क्रेडिट कार्ड, एक यूपीआय ॲप. ऑटोपेच्या यादीत गाण्यांचे 119 आणि मालिकांचे 199, दोन्ही दरमहा, दोन्ही वापरात. कार्डाच्या यादीत फोटोंच्या जागेचे 130 दरमहा आणि अँटिव्हायरसचे वर्षाला 1,499. तो लॅपटॉप तर केव्हाच भंगारात गेला. नॅचमध्ये 2,000 ची एसआयपी आणि वर्षाचा विमा हप्ता. प्ले स्टोअरमध्ये मुलाच्या गणिताच्या खेळाचे 299 दरमहा, खेळ फोनमध्ये नाही. हे 299 कार्डावरून जातात, म्हणून पगाराच्या खात्याला ते कधी दिसलेच नाहीत. खेळाचे वर्षाला 3,588 आणि अँटिव्हायरसचे 1,499 मिळून 5,087 रुपये. फक्त पगाराचं खातं जोडलेल्या ट्रॅकरला यातलं काय सापडलं असतं? गाणी, मालिका, एसआयपी आणि विम्याचा हप्ता, म्हणजे बाईंना आधीच माहीत असलेलं. वाया जाणारं एकही नाही.

रद्द करण्याचा क्रमही यातूनच समजतो. खेळ प्ले स्टोअरमधून रद्द करायचा, कार्डाचं गुगलचं मँडेट तोडायचं नाही, कारण त्यावर दुसरंही काही चालत असेल. अँटिव्हायरस आधी कंपनीच्या साइटवर लॉगिन करून बंद करायचं आणि मग बँकेतलं ई-मँडेट काढायचं. मँडेट काढलं की पैसे थांबतात, पण कंपनीच्या वहीत तुमचं सदस्यत्व चालूच राहू शकतं, आणि वर्षभराचा करार असेल तर थकबाकीची मेल येते. दोन्ही टोकं बंद करून त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

पुढे लक्ष कसं ठेवायचं

सगळ्यात चांगली राखण म्हणजे ऑटोपेसाठी वेगळं खातं. घरात एखादं जुनं, फारसं न वापरलेलं बचत खातं असतंच. किमान शिल्लक ठेवावी लागत नाही असं असेल तर उत्तम. गाणी, मालिका, क्लास, सगळे मँडेट त्यावर नव्याने द्या आणि दर महिन्याला तिथे लागतील तेवढेच पैसे टाका. एसआयपी, विमा आणि कर्ज मात्र पगाराच्या खात्यावरच राहू द्या, तिथे हप्ता चुकून चालत नाही. काही आठवड्यांतच त्या खात्याचं स्टेटमेंट म्हणजेच तुमच्या सबस्क्रिप्शनची यादी होऊन जातं. ट्रॅकर ॲप वापरायची इच्छा असेल तर अकाउंट ॲग्रीगेटरच्या पानावर हेच एक खातं निवडा. मग पगार, दवाखाना, नातेवाइकांना दिलेले पैसे यातलं काही बाहेर जात नाही.

वसुलीच्या 24 तास आधीचा मेसेज वाचायची सवय लावा. त्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते. नको असेल तर मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप स्वतः उघडून मँडेट काढा, कारण असा मेसेज बनवून पाठवणंही सोपं आहे. वहीतली 'पुढची तारीख' वार्षिक वसुलीसाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीची टाका. मोफत चाचणी घेतली की त्याच मिनिटाला ऑटोपेत जाऊन मँडेट पाहा. अनेक सेवांमध्ये लगेच रद्द केलं तरी चाचणीचे दिवस पूर्ण मिळतात, पण हे घेण्याआधी अटींमध्ये वाचून घ्या.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे बरेच ट्रॅकर प्लेडसारख्या मधल्या कंपनीमार्फत खातं जोडतात. पूर्वी त्यासाठी बँकेचा पासवर्ड त्या मधल्या पानावर टाकावा लागायचा. माहिती गोळा करण्याच्या याच पद्धतीवरून प्लेडवर खटला झाला आणि 2022 मध्ये 5.8 कोटी डॉलरची तडजोड झाली. आता मोठ्या बँकांचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं आणि खाती निवडता येतात. पत्त्याच्या पट्टीत बँकेचं नाव नसेल तर पुढे जाऊ नका. बँकेच्या साइटवर 'Connected apps' सारखं पान असतं, तिथून जोडणी तोडा.

आधीच ॲपला सगळं दिलं असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अकाउंट ॲग्रीगेटरच्या ॲपमध्ये किंवा साइटवर, ज्या नंबरने संमती दिली त्याच नंबरने जा आणि चालू संमती मागे घ्या. ट्रॅकर फोनमधून काढल्याने संमती संपत नाही, माहिती मुदतीपर्यंत जात राहू शकते. मग ट्रॅकरच्या कंपनीला मेल करा, की आधी आणलेली माहिती पुसून टाका आणि तसं लेखी कळवा. संमती मागे घेतल्याने पुढचं जाणं थांबतं, गेलेलं आपोआप परत येत नाही, म्हणून ही मेल लागते. त्यात खाते क्रमांक लिहू नका, नोंदणीचा नंबर पुरे. मग ॲपमधलं खातं डिलीट करा आणि सगळ्यात शेवटी ॲप काढा.

नेटबँकिंगचा पासवर्ड दिला असेल तर तो आजच्या आज, आपल्या विश्वासाच्या उपकरणावरून बदला. मग नेटबँकिंगमध्ये पैसे पाठवायच्या यादीत अनोळखी नाव आलंय का, व्यवहाराची मर्यादा वाढलीय का, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि मेल आपलाच आहे का, ते पाहा.

न केलेला व्यवहार दिसला तर बँकेला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. ते 3 कामकाजाचे दिवस बँकेचा मेसेज आल्यापासून मोजले जातात. फसवणूक असेल तर 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते. फसवणूक नाही, पण रद्द करूनही कापलं गेलं, असं असेल तर यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार टाका किंवा कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवा. सोबत रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जोडा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.